२४६ नव्हे, ६१६: नोकरी सांभाळून सहा महिन्यांत पुस्तकाचं हस्तलिखित

१ जून ते ३० नोव्हेंबर २०२४. मोजले तर १८३ दिवस. पुस्तक कोल्हापूरच्या गुळावर आणि गुऱ्हाळांवर, अंदाजे ४५,००० शब्दांचं. पहिला हिशेब कोणीही करेल तोच केला. पंचेचाळीस हजार भागिले एकशे त्र्याऐंशी म्हणजे रोजचे २४६ शब्द. हा आकडा इतका छोटा दिसतो की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच घोळ होतो. खरा आकडा ६१६ होता. २४६ चा ६१६ कसा झाला ते आधी लिहिते, कारण बाकी सगळं वेळापत्रक त्यावर उभं राहिलं.

पण त्याहीआधी ४५,००० कुठून आले ते सांगायला हवं. इंग्रजी लेखकांसाठीच्या पुस्तकांत ‘अमुक हजार शब्दांचं पुस्तक’ असे आकडे असतात. ते मराठीला जसेच्या तसे लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘गुऱ्हाळातल्यांसाठी’ हा मोजणीत एक शब्द. इंग्रजीत त्याच अर्थाला चार-पाच लागतील. त्यामुळे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो आणि इंग्रजीवरून धरलेलं लक्ष्य उगाच फुगतं. शिवाय मराठी प्रकाशक शब्दांत बोलतच नाहीत, फर्म्यांत बोलतात. डेमी आकाराच्या पुस्तकाचा एक फर्मा १६ पानांचा. मी आपल्या पुस्तकासारखं वाटणारं एक छापील पुस्तक घेतलं, त्यातली दहा भरलेली पानं बोट ठेवून मोजली. सरासरी २६२ शब्द निघाले. बारा फर्मे म्हणजे १९२ पानं. त्यातून सुरुवातीची पानं, प्रकरणांच्या आरंभी सुटणारी जागा आणि छायाचित्रं वजा केली तर मजकुराला १७०-१७२ पानं उरतात. म्हणजे ४५,००० शब्द. ही मोजणी अर्ध्या तासात होते. टाइपाचा आकार आणि ओळींमधलं अंतर बदललं की पानावरचे शब्दही बदलतात, म्हणून ज्या प्रकाशकाकडे द्यायचं मनात आहे त्याचंच पुस्तक मोजायला घ्यावं.

खर्डा छापायच्या मजकुरापेक्षा थोडा मोठा हवा, कारण संपादनात तो आटतोच. म्हणून खर्ड्याचं लक्ष्य ४८,००० ठेवलं.

आता दिवस. सहाही महिने खर्डा लिहायला मिळतात, हा २४६ मधला पहिला गैरसमज. लिहून झाल्यावर वाचणं, दुरुस्त्या आणि शुद्धलेखन याला निदान सहा आठवडे हवेत, आणि मध्ये थोडे दिवस बाड मिटून ठेवायला हवं. सुरुवातीचा एक पंधरवडा आराखड्याला लागतो. हे सगळं वजा करून खर्ड्यासाठी १७ जून ते १२ ऑक्टोबर, म्हणजे दसऱ्यापर्यंत, ११८ दिवस उरले.

त्यातून कोल्हापूरचं कॅलेंडर वजा करायचं. गणपती ७ ते १७ सप्टेंबर, अकरा दिवस. घरगुती गणपती गौरीबरोबर जातात हे खरं, पण पुढचे पाच दिवस देखावे बघायला पाहुण्यांची रीघ असते. तिथे ‘रोज थोडं तरी लिहीन’ म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. अकराच्या अकरा शून्य धरले. माझी नोकरी सहकारी बँकेतली, तेव्हा सप्टेंबरअखेरीचं सहामाही क्लोजिंग आलं: २६ ते ३० सप्टेंबर, पाच दिवस शून्य. आठवड्याची सुट्टी सोमवारी ठेवली. रविवारी सगळे लिहिणं सोडतात. मी उलट केलं. रविवारी वेळ असतो आणि सोमवारी काउंटरवर सर्वात जास्त गर्दी असते, म्हणून डोक्याला विश्रांती सोमवारी. ११८ दिवसांत सोमवार १७, त्यातले तीन आधीच गणपतीत आणि क्लोजिंगमध्ये गेलेले, म्हणून चौदा वजा.

११८ मधून ११, ५ आणि १४ गेले की ८८ उरतात. आजारपण, लग्नकार्य, पाऊस यासाठी राखीव म्हणून आणखी १० काढले. राहिले ७८. अठ्ठेचाळीस हजार भागिले अठ्ठ्याहत्तर म्हणजे ६१६.

हा आकडा पहिल्याच दिवशी माहीत असणं आणि ऑगस्टमध्ये कळणं यात फार फरक आहे. २४६ धरून निघालेला माणूस जूनभर खुशीत असतो आणि गणपतीनंतर त्याला समजतं की रोज हजार लागणार आहेत.

सहाशे सोळाही सरसकट लावला नाही. कामाच्या दिवशी माझ्याकडे पहाटे सव्वापाच ते साडेसहा एवढीच सलग वेळ होती. साडेसहाला गल्लीत पाणी सुटतं आणि मग घर जागं होतं. या ७५ मिनिटांतली दहा कालचा शेवट वाचण्यात जातात, दहा उद्याची सुरुवात टिपून ठेवण्यात. उरली ५५. आठवडाभर घड्याळ लावून बघितलं तर नवा मजकूर मिनिटाला नऊ-दहा शब्दांनी पुढे सरकत होता. म्हणजे माझी वरची मर्यादा साधारण साडेपाचशे. म्हणून कामाच्या दिवशी ५००, आणि रविवार व दुसऱ्या-चौथ्या शनिवारी १,०००, तेही पाचशे-पाचशेच्या दोन बैठकांत, सकाळी आणि दुपारच्या जेवणाआधी. अठ्ठ्याऐंशीपैकी असे सुट्टीचे दिवस १९, उरलेले ६९ कामाचे. राखीव दहा कामाच्या दिवसांतून काढले. ५९ गुणिले ५०० आणि १९ गुणिले १,००० मिळून ४८,५०० होतात. हिशेब जमला, वर पाचशे शिल्लक. १५ ऑगस्टसारख्या इतर सुट्ट्या मुद्दाम धरल्या नाहीत. त्या आल्या तर फायदा, नाही तर नुकसान नाही.

१ ते १५ जून: शब्द शून्य, कार्डं ९६

या पंधरवड्यात एकही वाक्य लिहिलं नाही. पुस्तकाची बारा प्रकरणं ठरवली आणि प्रत्येक प्रकरणाचे पाचशे शब्दांचे आठ तुकडे पाडले. बारा आठे शहाण्णव. घरातले पाठकोरे कागद पोस्टकार्डाएवढे कापले आणि प्रत्येक तुकड्याला एक कार्ड दिलं. कार्डावर विषय लिहायचा नाही, त्या पाचशे शब्दांत काय सांगायचं ते एका वाक्यात लिहायचं. ‘काहील’ असं लिहिलेलं कार्ड पहाटे सव्वापाचला काहीच मदत करत नाही. ‘गुळव्या काहिलीतला पाक तयार झाल्याचं कशावरून ओळखतो, आणि चुलवाणावरच्या माणसाला कधी जाळ कमी करायला सांगतो’ असं लिहिलं असेल तर हात लगेच चालतो. ज्या कार्डावर असं वाक्य सुचत नव्हतं, तिथे माझ्याकडे माहितीच कमी आहे हे जूनमध्येच कळलं. अशी कार्डं चौदा निघाली.

त्या चौदांपैकी बहुतेक बाजारपेठेच्या इतिहासाची होती, १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीबद्दलची. त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिरात आणि इतरत्र चार शनिवार-रविवार बसले. प्रत्यक्ष गुऱ्हाळावरची टिपणं मात्र आदल्या हंगामातच वह्यांत घेऊन ठेवलेली होती, आणि तेच बरं झालं. गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि पावसाळ्यात बंद असतात. जूनमध्ये लिहायला बसून ‘भेंडीचं पाणी काहिलीत नेमकं कधी घालतात बघून येऊ’ म्हटलं तर कुठेच जाऊन बघता येत नाही. विषय हंगामी असेल तर आधी हंगाम गाठायचा आणि लिहिण्याचे सहा महिने त्यानंतर सुरू करायचे.

याच काळात ३ जूनला नोकरीच्या ठिकाणी अर्ज दिला. सेवानियमांत बाहेरच्या लेखनाबद्दल आणि मानधनाबद्दल काय म्हटलंय ते आधी वाचून घ्या. प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. अर्जात तीनच गोष्टी लिहिल्या: पुस्तकाचा विषय बँकेशी संबंधित नाही, लेखन कामाच्या वेळेबाहेर होईल, आणि मानधन मिळाल्यास कळवीन. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. उत्तर २४ जूनला आलं. लिहिणं त्यासाठी अडवून ठेवायची गरज नव्हती, पण छापायच्या वेळी हे पत्र हाताशी असलेलं बरं.

१७ जूनपासून: नोंदवही

१७ जून सोमवार, म्हणजे आपलीच सुट्टी. प्रत्यक्ष पहिलं कार्ड १८ ला लिहिलं. रोजच्या नोंदीला पाच रकाने होते: तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, फाइलची एकूण शब्दसंख्या, आणि ‘कुठे अडलं’. आजचे शब्द वेगळे मोजायचे नाहीत. फाइलच्या एकूण संख्येतून कालची वजा करायची, म्हणजे स्वतःशी लबाडी करता येत नाही. शब्द मोजायला शेवटपर्यंत एकच साधन वापरा. मोजणी मोकळ्या जागेवर चालते, आणि दोन बाजूंना जागा सोडलेली एकटी रेघसुद्धा काही ठिकाणी शब्द म्हणून धरली जाते; फोनवर एक आकडा आणि संगणकावर दुसरा, असं होतं. हाताने लिहिणाऱ्यांनी स्वतःची पाच पानं मोजून पानाची सरासरी काढावी आणि पुढे पानंच मोजावीत.

दर रविवारी रात्री एकच सूत्र चालवायचं. `B2` मध्ये आतापर्यंत लिहिलेले शब्द, `C2` मध्ये राखीव वगळून उरलेले लिहायचे दिवस:

```
=ROUNDUP((48000-B2)/C2,0)
```

येणारा आकडा ही नवी रोजची सरासरी. १७ जूनला ती ६१६ होती. ती हळूहळू खाली येत असेल तर ठीक, चढत असेल तर का चढतेय ते पाचव्या रकान्यात सापडतं. माझ्या त्या रकान्यात ‘कंटाळा’ फक्त दोनदा आहे. सर्वात जास्त वेळा आहे ‘माहिती नाही, शोधत बसले’. पाचशे शब्दांच्या बैठकीत एक साल शोधायला उठलं की वीस मिनिटं जातात आणि बैठक दोनशेवर संपते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून उपाय केला: माहीत नसेल तिथे `@@` टाइप करून पुढे जायचं. ‘@@ साली’, ‘काहिलीत @@ लिटर रस’. ही खूण मराठी मजकुरात एरवी कुठेच येत नाही, त्यामुळे नंतर शोध लावला की सगळ्या जागा एका दमात सापडतात. खर्ड्याअखेर अशा ६१ जागा होत्या.

दुसरी चूक मागे वळून दुरुस्त करत बसण्याची. जूनअखेरीस तीन दिवस मी पहिलंच प्रकरण घासत होते. त्या तीन दिवसांचे मिळून शब्द १९०. मग नियम केला की कालचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा, आणि चूक दिसली तर कार्डाच्या मागे लिहून ठेवायची, फाइलला हात लावायचा नाही.

बोलून टाइप करण्याचा प्रयोगही केला. फोनवर पाचशे शब्द पंधरा मिनिटांत होतात, हे खरं. पण विरामचिन्हं येत नाहीत, ‘काहील’चं ‘काही’ होतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्यय सुटे पडतात: ‘गुळा साठी’, ‘शेतकऱ्यां कडून’. एका शब्दाचे दोन झाल्याने मोजणी खोटी वाढते. पाचशे शब्द नीट करायला चाळीस मिनिटं लागली. एकूण वेळ तेवढाच. फक्त मोबदल्यात डोळ्यांना आराम. बारापैकी दोन प्रकरणं अशी लिहिली आणि सोडून दिलं.

जुलैअखेर: पाणी आणि तूट

कोल्हापुरात राहणाऱ्याने जुलैचा शेवटचा आणि ऑगस्टचा पहिला आठवडा वेळापत्रकात भरवशाचा धरू नये. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका. ३९ चा आकडा आला की गल्लीत दुसरा विषय नसतो. २०२४ ला जुलैच्या त्या आठवड्यात नदीने धोक्याची पातळी ओलांडली. रस्ते बंद, लाइट जाऊन-येऊन, घरी नदीकाठचे पाहुणे. २५ ते ३१ जुलै या दिवसांत सोमवार सोडून सहा दिवस गेले.

इथे माझ्या राखीव दिवसांच्या हिशेबातली चूक कळली. राखीव दहा मी कामाच्या दिवसांचे धरले होते, प्रत्येकी ५०० चे. पावसाने नेलेल्या सहात एक चौथा शनिवार आणि एक रविवार होता. म्हणजे दिवस सहा गेले पण शब्द तीन हजार नव्हे, चार हजार गेले. राखीव काढताना निदान दोन दिवस सुट्टीच्या दराने काढावेत.

मग सगळे करतात तेच मीही केलं. ४ ऑगस्टच्या रविवारी ‘आज अडीच हजार’ म्हणून बसले. दिवसभरात २,१०० झाले, आणि मंगळवार-बुधवार मिळून शून्य. म्हणजे जास्तीची कमाई तिथल्या तिथे परत गेली. वर त्या २,१०० मधले आठशे पुढे संपादनात गळाले, कारण दुपारनंतरच्या मजकुरात एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितली होती. तूट एका दिवसावर टाकू नये.

११ ऑगस्टच्या रविवारी, आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, बसून नीट हिशेब केला. आठ आठवड्यांत कामाचे ३६ आणि सुट्टीचे १२ दिवस. एकही दिवस चुकला नसता तर ३०,००० व्हायला हवे होते. फाइलमध्ये २३,४०० होते. तूट ६,६००: पावसाची चार हजार, जुलैतल्या तीन दिवसांच्या तापाची दीड हजार, बाकी अकराशे इतर कमी-जास्त झालेल्या दिवसांची.

पुढे १२ ऑगस्ट ते १२ ऑक्टोबर, गणपती, क्लोजिंग आणि सोमवार वगळून ४० दिवस: ३३ कामाचे, ७ सुट्टीचे. राखीव दहातले नऊ संपलेले, एक शिल्लक ठेवला. उरले ३९ दिवस आणि लिहायचे शब्द २४,६००. सूत्राने ६३१ दाखवले. ऐकायला जड, पण मूळच्या ६१६ पेक्षा पंधराच जास्त. सुट्टीचे सात दिवस हजारावरच ठेवले, म्हणजे ७,०००. उरलेले १७,६०० कामाच्या ३२ दिवसांवर वाटले: ५५० प्रत्येकी. रोज फक्त पन्नास शब्द, पाच-सहा मिनिटं जास्त. साडेसहा हजारांची तूट ऐकून पोटात गोळा येतो. पन्नास शब्दांचं तसं काही वाटत नाही. त्यातला निम्म्याहून जास्त भार राखीव दिवसांनी आधीच उचलला होता, हेही आकडे मांडल्यावरच दिसतं.

पण याला मर्यादा आहे. माझ्या पंचावन्न मिनिटांत ५५० बसतात, ६५० बसत नाहीत. त्यामुळे कामाच्या दिवसाचा वाटा ६०० च्या वर गेला तर दर वाढवायचा नाही, कार्डं कमी करायची, असं त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. कोणती कार्डं गेली तर पुस्तक अडणार नाही, त्यांच्यावर पेन्सिलीने खूण केली. हे निवांत असताना करावं. शेवटच्या आठवड्यात केलं तर जे लिहायचं राहिलं तेच गळतं, मग ते महत्त्वाचं का असेना.

सप्टेंबर: थांबण्यापेक्षा परत सुरू करणं महाग

गणपतीचे अकरा दिवस वजा केले होते, पण त्यानंतरचा पहिला दिवस पूर्ण दराने धरला होता. १८ सप्टेंबरला शब्द झाले १८०, १९ ला ३००. कोल्हापूरची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा १८ ची पहाट कोणाची असते ते वेगळं सांगायला नको. क्लोजिंगनंतर १ ऑक्टोबरला २१०, २ ला ३३०. चार दिवसांत २,२०० ऐवजी १,०२०. पाच किंवा त्याहून जास्त दिवसांचा खंड असेल तर परतल्यावरचे दोन दिवस निम्म्या दराने मांडावेत, हा धडा मला ११८० शब्दांना पडला.

दुसऱ्या खंडाआधी एक बदल केला होता. क्लोजिंगच्या आदल्या दिवशी, २५ तारखेला, कार्ड संपवलं नाही. वाक्य अर्धं ठेवून उठले आणि पुढचे तीन मुद्दे खाली टिपले. तरी फायदा थोडाच झाला, दिवसाला ३० शब्दांचा. मला वाटतं डोक्यातली दमणूक अशा युक्तीने जात नाही. दर आठवड्याच्या खंडाला, म्हणजे सोमवारला, मात्र अर्धं वाक्य उत्तम चालतं.

आणखी पाचशेवीस शब्द नवरात्रात गेले, आणि १२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, फाइल ४६,३०० वर थांबली. लक्ष्याला १,७०० कमी. पेन्सिलीची खूण असलेली चार कार्डं, गुळाच्या पॅकिंगची आणि निर्यातीची, मागच्या प्रकरणात दोन परिच्छेदांत गुंडाळली. खर्डा ४८,००० चा धरला तो याचसाठी.

१३ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर: आता पानं मोजायची

१३ ते २० ऑक्टोबर फाइल उघडली नाही. या आठवड्यात फक्त ६१ `@@` भरून आणायच्या माहितीची यादी केली आणि ती गोळा केली.

संपादनाला शब्दांचं लक्ष्य चालत नाही, कारण चांगल्या दिवशी शब्द कमी होतात आणि वहीत उणे आकडा बघून वाईट वाटतं. २१ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर ४१ दिवस, त्यातून वसुबारस ते भाऊबीज सात आणि सोमवार पाच गेले, २९ राहिले. खर्डा ए-फोरवर १४ पॉइंटात दीड अंतराने छापला तर १६० पानं झाली. आठ दिवस रोज २० पानं फक्त कागदावर वाचायची: काय कुठे हलवायचं, काय काढायचं. मग दहा दिवस रोज १६ पानं, कागदावरच्या दुरुस्त्या फाइलमध्ये घेणं आणि `@@` भरणं. मग नव्या छापील प्रतीवर आठ दिवस शुद्धलेखन, पुन्हा २० पानांनी. शेवटचे तीन दिवस छायाचित्रांच्या ओळी, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश. मधला टप्पा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत हळू. सोळाची वीस पानं करायला जाऊ नका, दुरुस्ती घेताना नव्या चुका घुसतात.

शुद्धलेखनात सुटे प्रत्यय जोडले तेव्हा फाइल नऊशे शब्दांनी बारीक झाली. मजकूर एकही अक्षर न गळता. बोलून लिहिलेल्या दोन प्रकरणांत याचा मोठा वाटा होता. म्हणजे त्या दोन आठवड्यांत मी वहीत मांडलेला वेग खराच नव्हता. ४ ऑगस्टच्या रविवारच्या आठशेंची काटछाट आणि बाकी किरकोळ धरून शेवटचा आकडा ४४,२०० आला.

खर्च फार नाही. पहिली छापील प्रत १६० पानं आणि दुसरी १५३, पानाला दोन रुपये दराने ६२६ रुपये; दोन्हींचं स्पायरल बाइंडिंग १००. दर रविवारी फाइलची प्रत तारीख घालून पेनड्राइव्हवर आणि स्वतःलाच ईमेलने पाठवत होते, `gul_20240811.docx` अशा नावाने. साल आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादीत फाइली आपोआप क्रमाने लागतात. मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं नंतर बदलून घेताना जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’सारखी अक्षरं फुटतात, आणि मग शुद्धलेखनाचे आठ दिवस पुन्हा लागतात.

३० नोव्हेंबरला, शनिवारी, कामावरून आल्यावर ऋणनिर्देशाची शेवटची ओळ घातली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रकाशकांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “किती फर्मे होतील?” १६९ पानं मजकूर, आठ सुरुवातीची, पंधरा छायाचित्रांची आणि प्रकरणांआधीच्या मोकळ्या जागेची. “बारा,” म्हटलं.